गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं? पॅरामेट्रिक इक्वलायझर हलवण्याआधी आणि हलवताना काय तपासायचं

घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेली भजनं आणि अभंग माझ्याकडे मिक्सिंगला येतात. त्यात एक तक्रार इतक्यांदा येते की फाइल उघडण्याआधीच मला अंदाज येतो. आवाज मोकळा वाटत नाही, चोंदल्यासारखा वाटतो. ही तक्रार निस्तरताना मी ज्या क्रमाने जातो तो इथे लिहितोय. फुकटात होणारं आधी, आणि वेळ, पैसा, कौशल्य लागणारं शेवटी.

लक्षणं

आधी नेमकं काय ऐकू येतंय ते ठरवा. वेगवेगळी दुखणी असतात आणि लोक त्या सगळ्यांना ‘आवाज खराब आलाय’ असंच म्हणतात.

पहिलं म्हणजे, गायिका डब्यात किंवा माठात तोंड घालून गातेय असं वाटतं. शब्द कळतात, पण सगळे स्वर एकाच खोलीत कोंडल्यासारखे येतात. हे गाण्यातही होतं आणि मधे बोललेल्या दोन शब्दांतही होतं.

दुसरं म्हणजे, बाकी गाणं ठीक असतं, पण एखादाच स्वर आला की घुमतो. त्या स्वरावर आवाज अचानक मोठा होतो आणि पुढच्या स्वराला पुन्हा जागेवर येतो.

तिसरं लक्षण उपचारामुळे होतं. इक्वलायझर लावून झाला, डबा गेला, पण गळा पोकळ झाला. किंवा अमुक एक स्वर लांबून आल्यासारखा वाटू लागला. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत हे लक्षण सर्वात जास्त असतं. त्याचं कारण आपल्या संगीताच्या स्वभावात आहे, ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी तीन बटणांबद्दल थोडं

‘पॅरामेट्रिक’ हे नाव रूढ झालं ते जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी 1972 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधामुळे. ग्राफिक इक्वलायझरमध्ये पट्ट्या ठरलेल्या जागी असतात, तुम्ही फक्त वर-खाली करता. पॅरामेट्रिकमध्ये तीन गोष्टी तुमच्या हातात येतात. फ्रीक्वेन्सी म्हणजे कुठे हात घालायचा. गेन म्हणजे किती चढवायचं किंवा उतरवायचं, डेसिबलमध्ये. आणि बँडविड्थ म्हणजे त्या जागेच्या आजूबाजूचा किती भाग सोबत हलणार.

यातलं तिसरं बटण सर्वात कमी समजून घेतलं जातं आणि सर्वात जास्त नुकसान तेच करतं. काही प्लगिनमध्ये त्याला क्यू म्हणतात. क्यू म्हणजे मधली फ्रीक्वेन्सी भागिले बँडविड्थ. म्हणून क्यूचा आकडा वाढला की पट्टा अरुंद होतो. काही प्लगिन मात्र थेट ऑक्टेव्हमध्ये बँडविड्थ विचारतात, आणि तिथे आकडा वाढला की पट्टा रुंद होतो. हा उलटेपणा लक्षात ठेवा, त्याने केलेला घोटाळा खाली येणार आहे.

ऑक्टेव्ह म्हणजे आपलं सप्तक, त्यामुळे गाणाऱ्या माणसाला हे आकडे खरं तर सोपे पडायला हवेत. क्यू 0.67 म्हणजे दोन सप्तकं. क्यू 1.4 म्हणजे एक सप्तक. क्यू 4.3 म्हणजे चार अर्धस्वर, साधारण सा ते शुद्ध ग एवढं अंतर. क्यू 8.6 म्हणजे दोन अर्धस्वर. क्यू 17 च्या आसपास गेलात की पट्टा एका अर्धस्वराएवढा उरतो. पट्ट्याच्या दोन्ही कडांवर उतार संपलेला नसतो. बहुतेक डिजिटल इक्वलायझरमध्ये तिथे साधारण निम्मा गेन शिल्लक असतो.

तपासणी 1: तुम्ही खरंच तेच ऐकताय का?

याला दोन मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

आधी फोन किंवा लॅपटॉपवरचा ‘बास’, ‘सराउंड’, ‘एन्हान्स’ असला काही प्रकार चालू असेल तर बंद करा. मग तीच फाइल हेडफोनवर आणि एखाद्या साध्या स्पीकरवर ऐका. फक्त एकाच ठिकाणी डबा ऐकू येत असेल तर दोष ऐकण्याच्या जागेत आहे, रेकॉर्डिंगमध्ये नाही. स्पीकर कोपऱ्यात ठेवलेला असेल तर खालचे स्वर फुगतातच.

मग ट्रॅकवर आधीपासून किती इक्वलायझर बसलेत ते मोजा. रेकॉर्ड करणाऱ्याने एक लावलेला, नंतर कुणीतरी दुसरा, मास्टरवर तिसरा, असं मी कित्येकदा पाहिलंय. सगळे बायपास करून मूळ आवाज ऐका. ही पायरी पहिली ठेवतो, कारण मूळ आवाजात दोष नसेल तर पुढचं काहीच करायचं नसतं.

आणि एक सवय इथेच लावून घ्या. इक्वलायझर चालू आणि बंद करून तुलना करताना दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी असली पाहिजे. कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. 400 हर्ट्झवर 4 डेसिबल उतरवले की एकंदर आवाज थोडा लहान होतो आणि ‘आधीचंच बरं होतं’ असं वाटतं. उलट कुठेही चढवलं की लगेच ‘व्वा’ होतं. म्हणून प्लगिनच्या आउटपुटमधून तेवढी भरपाई करून मगच निर्णय घ्या.

तपासणी 2: माइक आणि गाणारा

पुन्हा रेकॉर्ड करणं शक्य असेल तर हीच खरी दुरुस्ती आहे. इथे वाचलेला अर्धा तास नंतर मिक्सिंगमध्ये दोन दिवस खातो.

कार्डिऑइड माइक, म्हणजे समोरून ऐकणारा नेहमीचा माइक, तोंडाच्या अगदी जवळ असेल तर खालच्या फ्रीक्वेन्सी फुगवतो. चार बोटांवर असेल तर गळा जड आणि बसका येतो. फार लांब नेला तर खोली जास्त आणि गळा कमी येतो. मी एका वितेपासून सुरुवात करायला सांगतो. तिथून वीस सेकंद गायचं, मग दोन विती, पुन्हा तेच वीस सेकंद. दोन्ही ऐकून ठरवायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे जवळचा कडक पृष्ठभाग. लोखंडी कपाट, भिंत, हार्मोनियमची वरची फळी, गाण्याची वही ठेवलेलं स्टँड. तोंडातून निघालेला आवाज सरळ माइकात जातो, आणि कपाटावर आपटून थोड्या उशिराने पुन्हा जातो. आपटून येणारी वाट सरळ वाटेपेक्षा अर्धा मीटर लांब असली, तर 344 हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा एकमेकींना खातात. नंतर 1032 ला, नंतर 1720 ला, असे खड्डे पडत जातात, आणि त्यांच्या मधे उंचवटे. कानाला तो कोंदट, डब्यातला आवाज वाटतो.

हे इतकं सांगायचं कारण असं की इक्वलायझर हा दोष भरून काढत नाही. खड्ड्यात लाट उरलेलीच नसते, तिथे 10 डेसिबल चढवले तरी जे उरलंय तेच मोठं होतं. शिवाय गाणाऱ्याने मान वळवली की वाटेची लांबी बदलते आणि खड्डा सरकतो. तुमचं बटण मात्र जागेवरच राहतं. म्हणून माइकमागे आणि बाजूला जाड रजई किंवा सतरंजी लटकवा, कपाटापासून दोन पावलं सरका आणि पुन्हा वीस सेकंद घ्या. घरात असलेल्या रजईने जे होतं ते महागड्या प्लगिनने होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तपासणी 3: सगळ्यात खालचा कचरा

पंख्याची घरघर, जमिनीवरून आलेली धडधड, ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना माइकवर आलेला श्वास. हे सगळं गाण्याच्या खाली असतं. त्यासाठी हाय-पास फिल्टर लावतात, तो ठरलेल्या फ्रीक्वेन्सीच्या खालचं कापत नेतो. हे आधी करायचं, कारण खालची घरघर गेली की मधला भाग कसा आहे ते नीट ऐकू येतं.

पण व्हिडिओत ‘100 वर कापा’ म्हटलं म्हणून सगळीकडे 100 लावू नका. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज साधारण 207.65 हर्ट्झ असतो. त्यांच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 104 च्या जवळ. तानपुरा त्याच माइकात आला असेल तर 100 वरचा फिल्टर खर्जाला हात लावतो आणि मागची भरदार गुंज पातळ होते. अशा रेकॉर्डिंगला मी 70 ते 80 वर थांबतो. गळ्याचा माइक पूर्ण वेगळा असेल तर 100 चालतं.

गुणगुण जर एकसारखी असेल, 50 हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट 100 वर, तर ती विजेची आहे. माइकच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर ती कमी-जास्त होत असेल तर अर्थिंगचा संशय घ्या. हाताला जराही झिणझिण्या आल्या तर सगळं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. इथे इक्वलायझरचा काही संबंध नाही.

तपासणी 4: डबा शोधणं, एका गाण्याच्या निमित्ताने

एका ताईंचा अभंग माझ्याकडे आला होता. स्वर काळी चार. दहा बाय बाराची खोली. गळा आणि हार्मोनियम एका माइकवर, तबला दुसऱ्यावर. इलेक्ट्रॉनिक तानपुरा ताईंच्या गुडघ्याशी, त्यामुळे तोही गळ्याच्याच माइकात. साथीदार आपापल्या गावी गेलेले, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करायची सोय नव्हती. इक्वलायझर त्यांच्या भाच्याने लावला होता, Reaper या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या ReaEQ या प्लगिनमध्ये.

त्याने मला दोन फायली पाठवल्या. पहिलीत गळा पोकळ, दुसरीत काहीतरी वेगळंच.

“दादा, डबा गेला, पण मावशी म्हणते माझा पंचम कुठे गेला?” असं त्याने फोनवर सांगितलं.

पहिल्या फायलीचं कारण सेटिंग पाहताच दिसलं. त्याने कुठेतरी ‘320 हर्ट्झ, क्यू 2, उणे 8’ असं पाहिलं होतं. ReaEQ मध्ये तिसऱ्या पट्टीवर Bandwidth (oct) लिहिलेलं असतं, तिथे त्याने 2 टाकले. क्यू 2 म्हणजे साधारण 0.7 ऑक्टेव्ह. त्याने दिली दोन ऑक्टेव्ह, म्हणजे 160 पासून 640 पर्यंतचा पट्टा. आता ताईंचं मध्य सप्तक पाहा. सा 207 वर, तार सा 415 वर. अख्खं सप्तक त्या खड्ड्यात. कोणताही स्वर घ्या, त्याचा पाया पाच-सहा ते आठ डेसिबलने खाली गेलेला. गळ्याचा भरीवपणा जिथे असतो तोच भाग काढून टाकला, मग पोकळ वाटणारच.

मुलाला ते ऐकू आलं, म्हणून त्याने दुसरी फाइल केली. या वेळी बरोबर शिकल्याप्रमाणे शोध घेतला. अरुंद पट्टा, गेन बराच वर, आणि फ्रीक्वेन्सी हळूहळू सरकवत जिथे सर्वात जास्त बोंबलतंय ती जागा धरली. ती निघाली 311 हर्ट्झ. कोणत्या फ्रीक्वेन्सीवर किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या स्पेक्ट्रमच्या पडद्यावरही तिथेच सुळका होता. त्याने तिथे 0.15 ऑक्टेव्हचा पट्टा लावून 9 डेसिबल उतरवले.

आता 207.65 ला दीडाने गुणा. 311.5 येतं. तो पंचम आहे.

आणि फक्त गायलेला पंचम नाही. कोणत्याही सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट फ्रीक्वेन्सीचे सहस्वरही वाजत असतात. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, 156 च्या जवळ, तिचा दुसरा सहस्वर 311 वर. खर्जाच्या तारेचा तिसरा सहस्वरही 311 वर. हार्मोनियमवर सा-प धरलेला, तोही तिथेच. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत 311 वर सतत काहीतरी वाजत होतं, म्हणून तो सुळका उंच होता. त्यात दोष काही नव्हता, सूर होता. 0.15 ऑक्टेव्ह म्हणजे जेमतेम दोन अर्धस्वरांचा पट्टा. त्यामुळे पंचम 9 डेसिबलने खाली, शेजारचे तीव्र म आणि कोमल ध त्याच्या साधारण निम्म्याने, आणि षड्ज जसाच्या तसा. पंचमाचे वरचे सहस्वर, 623 आणि 934, मात्र शाबूत राहिले. म्हणून तो स्वर गायब झाला नाही, पातळ होऊन लांब गेला. ताईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते तंतोतंत खरं होतं.

ज्या संगीतात गाण्यागणिक पट्टी बदलते आणि सुरांचा मेळ सारखा सरकत राहतो, तिथे सर्वात उंच सुळका धरून कापण्याची रीत बरेचदा निभावते. आपल्याकडे सा ठरलेला असतो आणि तानपुरा त्याला क्षणभरही सोडत नाही. म्हणून स्पेक्ट्रमवरचा उंच सुळका दिसला की आधी गुणाकार करा. सा माहीत असला की प त्याच्या दीडपट, म त्याच्या चार भागिले तीन, तार सा दुप्पट. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा 138.6, प 207.9. तुमचा सुळका यातल्या कशावर बसत असेल तर त्याला अरुंद पट्ट्याने हात लावू नका.

मग डबा शोधायचा कसा? सूर बदलतात, खोलीचा आणि माइकच्या जागेचा दोष बदलत नाही. म्हणून जी फ्रीक्वेन्सी प्रत्येक स्वरावर, प्रत्येक व्यंजनावर आणि बोलण्यातही फुगते ती दोषाची जागा. मी त्या अभंगावर असं केलं:

दोन्ही जुने इक्वलायझर काढले. हाय-पास 75 वर लावला. हेडफोनचा आवाज मुद्दाम कमी केला, कारण पुढे चढवायचं होतं आणि कान दुखवायचे नव्हते. एक पट्टा अर्ध्या ऑक्टेव्हचा घेतला, गेन अधिक 6. याहून जास्त चढवलं तर कोणतीही जागा वाईटच वाटते आणि शोधाला अर्थ राहत नाही. मग 200 पासून 800 पर्यंत सावकाश सरकवत गेलो, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन ओळी ऐकत.

311 वर आवाज उसळला, पण फक्त पंचम आला की, किंवा तानपुऱ्याची पहिली तार छेडली गेली की. मधल्या ओळीत ताई ऋषभावर थांबतात, तिथे काहीच फरक नाही. म्हणजे हा सूर. पुढे 430 च्या आसपास आलो आणि डबा स्पष्ट झाला. ऋषभावर, धैवतावर, ‘क’ आणि ‘ट’ उच्चारताना, हार्मोनियमच्या भात्याच्या आवाजातसुद्धा. सगळ्यांवर एकच कोंदट छाप. काळी चारमध्ये 430 च्या शेजारी तार सा 415 वर आहे, म्हणून खात्री करायला मी गाण्याआधीचा तुकडा ऐकला, ज्यात ताई नुसतं “सुरू करू या?” एवढंच विचारतात आणि तानपुरा बंद आहे. त्यातही 430 वर तोच डबा. ही जागा खोलीची.

आता गेन आधी शून्यावर आणला आणि थोडा वेळ मूळ आवाज ऐकला. चढवलेला आवाज कानात बसलेला असतो, तो उतरू द्यावा लागतो. मग पट्टा रुंद केला, एक ऑक्टेव्ह, म्हणजे 304 ते 608. अरुंद का नाही? कारण दोष एका स्वराचा नव्हता. एका अर्धस्वरावर खोल खड्डा पाडण्यापेक्षा सप्तकभर हलकासा उतार दिला तर स्वरांचं आपसातलं नातं बिघडत नाही. शेजारचे स्वर जवळजवळ सारखेच उतरतात. गेन उणे 2 पासून अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने खाली नेला. उणे 3.5 वर डबा सुटला. उणे 5 वर गळ्यातला गोडवा जायला लागला. 3.5 वर थांबलो, आउटपुट 1 डेसिबल वर घेतलं आणि बायपास करून तुलना केली.

पंचम परत आला होता. ताईंनी फोनवर फक्त तेवढंच विचारलं, तो आहे ना म्हणून.

भाच्याला आणखी 3 किलोहर्ट्झवर चढवायचं होतं, शब्द स्पष्ट यावेत म्हणून. मी थांबवलं. मधला फुगवटा वरच्या भागाला झाकत होता, तो उतरल्यावर शब्द आपोआप पुढे आले होते. त्यावर पुन्हा चढवलं असतं तर ‘स’ आणि ‘श’ टोचले असते, आणि मग ते उतरवायला आणखी एक पट्टा. एका इक्वलायझरच्या चुकीवर दुसरा लावत जाण्याची सुरुवात इथेच होते.

प्लगिन नसेल आणि कमांड चालवता येत असेल तर हीच सेटिंग अशी लिहिता येते:

```
ffmpeg -i abhang.wav -af "highpass=f=75,equalizer=f=430:t=o:w=1:g=-3.5,volume=1dB" abhang_eq.wav
```

यात `t=o` म्हणजे बँडविड्थ ऑक्टेव्हमध्ये. क्यू द्यायचा असेल तर `t=q` आणि `w` मध्ये क्यूचा आकडा. 430 हा आकडा त्या खोलीचा आणि त्या माइकच्या जागेचा आहे, तुमचा तुम्हाला शोधावा लागेल. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मला तो बहुतेक वेळा 300 ते 600 च्या मधेच सापडतो.

तपासणी 5: एकच स्वर घुमत असेल तर

हे लक्षण जास्त करून पुरुषांच्या आवाजात येतं, कारण त्यांचे स्वर लहान खोलीच्या स्वतःच्या घुमण्याजवळ असतात. दोन समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा आणि 344 ला त्याने भागा. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर, उत्तर 47. त्याच्या पटीत 94, 141, 188 अशा जागांवर खोली साथ देते. काळी एकचा सा 138.6 आहे, 141 च्या अगदी शेजारी. त्या खोलीत त्या गायकाचा षड्ज घुमणार आणि ऋषभ-गांधार नाही.

आधी खात्री करा. तानपुरा बंद ठेवून, सारख्या जोराने सा रे ग म प ध नि सां सावकाश गाऊन घ्या आणि मीटर पाहा. मग एक पाऊल सरकून पुन्हा तेच. घुमणारा स्वर बदलला किंवा शांत झाला तर दोष खोलीचा, आणि इलाज म्हणजे ती बसायची जागा. नाही बदलला तर गळ्याचा किंवा हार्मोनियमच्या त्या पट्टीचा.

रेकॉर्डिंग होऊन गेलं असेल तर इथे अरुंद पट्टा लागतो, आणि त्याची मर्यादा आकड्यांत दिसते. 140 वर क्यू 4 लावला तर बँडविड्थ 35 हर्ट्झ, साधारण 124 ते 159. त्यात नि, सा आणि रे तिन्ही आले. क्यू 10 लावला तर 14 हर्ट्झ, तरी कोमल ऋषभाला थोडा धक्का लागतोच. आणि षड्ज उतरला की तो सगळीकडेच उतरतो, जिथे घुमत नव्हता तिथेही. म्हणून मी कायमचा पट्टा ठेवत नाही. तो स्वर जिथे घुमतो तेवढ्याच ठिकाणी गेन ऑटोमेशनने 3 ते 4 डेसिबल खाली नेतो आणि पुन्हा शून्यावर आणतो. डायनॅमिक इक्वलायझर असेल तर तो हेच स्वतः करतो, ठरलेल्या पातळीच्या वर आवाज गेला तरच उतरवतो. तीन मिनिटांच्या अभंगात अशा दहा-बारा जागा निघतात. वेळखाऊ आहे, पण षड्ज वाचतो.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

एखाद्या पट्ट्याला 6 डेसिबलपेक्षा जास्त उतरवावं लागत असेल तर थांबा. दोष टोनचा नाही, रेकॉर्डिंगचा आहे, आणि तपासणी 2 कडे परत जा.

आवाज फाटलेला असेल, म्हणजे तार सप्तकात गेल्यावर तडतड येत असेल, तर रेकॉर्ड करतानाच पातळी मर्यादेबाहेर गेली होती. इक्वलायझरने ती तडतड फक्त जाड किंवा पातळ होईल, जाणार नाही.

ओळ संपल्यावर खोलीची शेपटी, म्हणजे घुमत राहणारा आवाज, रेंगाळत असेल तर तोही इक्वलायझरने जात नाही. तो गळ्याच्याच फ्रीक्वेन्सींनी बनलेला असतो, एक कापला की दुसराही कापला जातो.

आणि दोन संध्याकाळी घालवूनही दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकल्यावर निर्णय बदलत असेल, तर फाइल मिक्सिंग करणाऱ्याकडे द्या. थकलेला कान मधल्या फ्रीक्वेन्सींबद्दल रोज वेगळं सांगतो. एकाच खोलीत वारंवार रेकॉर्डिंग करायचं असेल आणि प्रत्येक वेळी तोच दोष येत असेल, तर दर वेळी मिक्सिंगवर खर्च करण्यापेक्षा एकदा अकूस्टिक्सचं काम करणाऱ्याला खोली दाखवा.

मिक्सिंगला पाठवताना इक्वलायझर लावलेली फाइल पाठवू नका. मूळ डब्ल्यूएव्ही फायली पाठवा, प्रत्येक माइकची वेगळी. सोबत गाण्याची पट्टी लिहा, काळी चार की काळी एक. आणि रेकॉर्डिंगच्या आधी किंवा नंतर, तानपुरा बंद ठेवून, गाणाऱ्याने साध्या बोलण्यात म्हटलेली दोन वाक्यं असतील तर तो तुकडा कापू नका, तोही द्या.